एकदाणीसाठी अकरा नाणी

दुकानातल्या मासिक योजनेत पैसे भरावेत की दर महिन्याला सोन्याचं नाणं घ्यावं, हा प्रश्न मला पुष्कळ बायकांनी विचारला आहे. सेवाग्रामच्या दवाखान्यात मी भांडार विभागात होते. पगाराच्या आठवड्यात कोणी ना कोणी हातमोज्यांचे खोके मोजता मोजता हा विषय काढायचंच. माझं उत्तर मी दोन रकान्यांत लिहून ठेवलेलं असायचं. आता त्यात तिसरा रकाना आहे. तो कसा आला ते सांगते.

पहिली योजना मी नव्वदच्या दशकात केली. महिन्याला तीनशे रुपये, अकरा महिने भरायचे, बारावा हप्ता दुकानदार घालणार. वर्ध्याच्या सराफा लाइनीतलं दुकान होतं. घरातून बाजारात जाताना वाटेवर पडायचं, म्हणून निवडलं. वर्षाच्या शेवटी छत्तीसशे रुपये जमा झाले. मी हिशेब केला होता नऊ ग्रॅमच्या कानातल्यांचा, मिळाले आठ ग्रॅमचे. घडणावळ मी धरलीच नव्हती. ग्रॅममागे चाळीस रुपये मजुरी, म्हणजे जवळजवळ एका ग्रॅमचे पैसे कारागिरीतच गेले. दुकानदारानं फसवलं नव्हतं, कार्डाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात सगळं छापलेलं होतं. त्या दिवसापासून कुठल्याही कार्डाची मागची बाजू मी आधी वाचते.

तरीही त्या योजनेत मी फायद्यातच राहिले. त्या वर्षांत सोन्याचा भाव जागचा फारसा हलत नव्हता. चार-साडेचार हजारांच्या आसपास दहा ग्रॅम, थोडा वर, थोडा खाली. भाव हलत नसला की बारावा हप्ता निव्वळ हातात पडतो. म्हणून योजनेवर माझा विश्वास बसला आणि पुढची बरीच वर्षं तो टिकला.

ज्या गोष्टीमुळे हे सगळं लिहायला बसले, ती दोन हजार सात सालची.

माझी मोठी जाऊ रोहण्याला राहते. दीर शेती करतात, कापूस आणि सोयाबीन. सासूबाई त्यांच्याकडेच असत. जाऊबाईंच्या दोन म्हशी होत्या आणि दुधाचे पैसे हा घरातला एकमेव असा पैसा होता की ज्याचा हिशेब त्या कोणाला देत नसत. कापसाचे पैसे दिरांच्या हातात, तेही वर्षातून एकदा. दुधाचे जाऊबाईंच्या डब्यात, महिन्याच्या महिन्याला.

त्यांची मुलगी, माझी पुतणी, बीएच्या शेवटच्या वर्षाला होती आणि पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न करायचं ठरत होतं. पाडव्याला आम्ही रोहण्याला गेलो होतो. जेवणं झाल्यावर जाऊबाई मला गोठ्याकडे घेऊन गेल्या.

"अवं, तू दर महिन्याले त्या दुकानात पैशे भरतं ना? मले बी सांग. पोरीले एकदाणी कराची आहे मले. दोन तोळ्याची."

एकदाणी म्हणजे सोन्याच्या मण्यांची एकसरी माळ. तोळा म्हणजे आता दहा ग्रॅमच.

"भाऊजी करतीलच ना?" मी म्हटलं.

"ते डोरलं करतीन, कानातलं करतीन. एकदाणी माही. माह्या बापानं मले देतो म्हटलं होतं, अन् जमलं नाई त्यायले. मी तिले शब्द देऊन बसली. म्हटलं, माह्या दुधाच्या पैशाची देईन, तुह्या बाबाले एक रुपया मागणार नाई."

म्हणजे प्रश्न दोन तोळे सोन्याचा होताच, पण त्याहून जास्त 'कोणाच्या पैशानं' हा होता. त्यांना महिन्याला दोन हजार बाजूला काढता येत होते. योगायोगानं माझाही तेवढाच हप्ता ठरला होता. मला स्वतःसाठी दोन बांगड्या करायच्या होत्या, दोन तोळ्यांच्याच. लग्नात आलेल्या बांगड्या घर बांधताना मोडल्या होत्या आणि त्यानंतर माझ्या हातात फक्त काचेच्या.

घरी येऊन मी कागद घेतला आणि मधोमध रेघ मारली.

डावीकडे योजना. अकरा महिने दोन हजार, म्हणजे बावीस. बारावे दोन हजार दुकानाचे. एकूण चोवीस हजार. कार्डावर पैसे लिहितात, वजन लिहीत नाहीत. दागिना घेण्याच्या दिवशी जो भाव असेल तो लागतो. फक्त दागिनाच घ्यायचा, रोख मिळत नाही, नाणंही मिळत नाही. घडणावळ नेहमीची, शेकडा आठ. आणि एक जरी हप्ता चुकला तरी बारावा हप्ता गेला.

उजवीकडे नाणी. त्याच दुकानात एक, दोन, पाच, दहा ग्रॅमची मिळायची. घडणावळ किरकोळ, ग्रॅमला तीस रुपये, वर शेकडा एक कर. ज्या दिवशी घेतलं त्या दिवशीच्या भावानं सोनं आपलं झालं. पुढे दागिना करताना दुकान ते परत घेणार, शेकडा दोन कापून. नाणं चोवीस कॅरेटचं, दागिना बावीस कॅरेटचा, म्हणून बावीस ग्रॅम नाण्यांच्या किमतीत चोवीस ग्रॅम दागिन्याचं सोनं येतं. हे न कळल्यामुळे पुष्कळ जणी नाणी महाग समजतात. दागिन्याची घडणावळ मात्र दोन्ही वाटांना शेवटी लागतेच. बँकेतही नाणी मिळायला लागली होती, छान कार्डात बंद केलेली. चौकशी केली. दुकानापेक्षा बरीच महाग आणि बँक परत घेत नाही. ती ओळ मी खोडली.

मग हिशेब. भाव वर्षभर आहे तिथेच राहिला, तर योजनेत चोवीस हजार आणि नाण्यांत कट-कसर जाऊन वीस हजार सातशे. योजना सव्वातीन हजारांनी पुढे. नाणी बरोबरीला यायला शेवटचा भाव आपल्या सरासरी खरेदीपेक्षा पंधरा-सोळा टक्क्यांनी वर जायला हवा. एका वर्षात एवढा? मी मनाशीच नाही म्हटलं आणि योजनेपुढे बरोबरची खूण केली.

पुढच्या फेरीत हे जाऊबाईंना समजावलं. त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही. फक्त एकच गोष्ट विचारली.

"हप्ता चुकला तं?"

"दुकानाचा हप्ता मिळत नाही. आपले भरलेले आपल्याला."

"मंग मले नाई जमत. म्हैस काय तारीख पाहून आटते का? दोन महिने दूध नाई म्हटलं तं नाई. तुले पगार आहे बाप्पा, तुह्यी म्हैस कधी आटत नाई."

बरोबर होतं. माझ्या कागदावर भाव होता, घडणावळ होती, कर होता, म्हैस नव्हती. मी खूण खोडली आणि ठरवलं की माझं योजनेत, त्यांचं नाण्यांत. दोघींचे पैसे सारखे, दुकान एकच, मुदत एकच. वर्षाच्या शेवटी कोणाचं किती झालं ते आयतंच कळणार होतं. मला हा प्रयोग फार आवडला.

"नाणं साधं आणू की लक्ष्मीचं?" मी विचारलं होतं. "भाव एकच आहे."

"एकच आहे तं लक्ष्मीचं आणजो. साध्यात काय पाह्याचं?"

भाव एकच होता, म्हणून तो मुद्दा मी कुठे लिहिला नाही.

एप्रिलपासून दर महिन्याला पगार झाला की मी दुकानात जायची. माझा हप्ता, त्यांचं दोन ग्रॅमचं नाणं. नाणं पारदर्शक पाकिटात असायचं, त्यावर दुकानाची चिकटपट्टी. आमचे हे आईला भेटायला रोहण्याला जात, ते घेऊन जायचे आणि दुधाचे पैसे घेऊन यायचे. सुरुवातीला नाणं दोन हजारांच्या आत यायचं. उरलेले मी पुढच्या महिन्यासाठी वेगळ्या पाकिटात ठेवत होते. जूनमध्ये एक म्हैस आटली, निरोप आला, "या महिन्यात राहू दे." जुलैत दुसरी व्याली आणि दोन नाणी घेतली. योजनेत असत्या तर त्यांचा बारावा हप्ता तिथेच गेला असता. हे मी कागदावर लिहून ठेवलं.

दिवाळीला रोहण्याला गेले तेव्हा देवघरात चांदीच्या ताटलीत सातही नाणी मांडलेली दिसली, हळदीकुंकू लावलेली. सासूबाईंनी दर शुक्रवारी त्यांची पूजा सुरू केली होती. पाकिटं फाडून टाकलेली. समईच्या उजेडात ती फार देखणी दिसत होती. मी हात जोडले आणि फराळाला बसले. त्या वेळी माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाही.

दिवाळीनंतर भाव चढायला लागला. उन्हाळ्यात नऊशेच्या खाली असलेला ग्रॅम दिवाळीच्या सुमारास हजारावर गेला, संक्रांतीला अकराशेच्या घरात, फेब्रुवारीत त्याच्याही वर. दुकानात दोन नाण्यांऐवजी एक घेणाऱ्या बायका दिसू लागल्या. जाऊबाईंचं नाणं आता दोन हजारांत येत नव्हतं. उन्हाळ्यात वाचलेले पैसे तिथे कामी आले. माझं कार्ड आपलं दोन हजार, दोन हजार करत चाललं होतं आणि ते दोन हजार दर महिन्याला थोडे थोडे लहान होत होते.

जानेवारीत पुतणीचं लग्न ठरलं, तारीख एप्रिलच्या शेवटची. साखरपुड्यात जाऊबाईंनी पुतणीच्या होणाऱ्या सासूबाईंच्या कानावर घातलं की एकदाणी आपल्या दुधाच्या पैशातून येणार. हे त्यांनी मुद्दाम सांगितलं, दिरांच्या समोर. दीर हसून म्हणाले, "सोनाराचं बिल माह्याकडं येऊ देऊ नोको मंजे झालं."

"येणार नाई," त्या म्हणाल्या. "तुमी मांडवाचं पाहा."

मार्चमध्ये माझी मुदत भरली आणि आम्ही सगळ्या दुकानात गेलो. मी, जाऊबाई आणि सासूबाई. सासूबाईंना डॉक्टरला दाखवायचं होतं, म्हणून त्याही एसटीनं आल्या होत्या. पुतणीला आणलं नव्हतं. जाऊबाईंना तिला तयार एकदाणीच दाखवायची होती.

दुकानदार माझ्या ओळखीचे, साठीच्या आतले, गल्ल्याशेजारी कॅलक्युलेटर आणि जाड भिंगाचा चष्मा. त्या दिवशीचा भाव पाटीवर होता. चोवीस कॅरेट ग्रॅमला बाराशे साठ, बावीस कॅरेट अकराशे पंचावन्न. मी आदल्या दिवशीच विचारून हिशेब करून आणला होता. वीस ग्रॅमचे तेवीस हजार शंभर, घडणावळ अठराशे अठ्ठेचाळीस, वर कर. एकूण पंचवीस हजार दोनशे. एकदाणीलाही तेवढेच आणि बांगड्यांनाही तेवढेच, वजन सारखं असल्यामुळे.

माझ्या कार्डावर चोवीस हजार. बाराशे वरून घालायचे होते. जाऊबाईंची बावीस ग्रॅम नाणी सत्तावीस हजार सातशे वीसची. शेकडा दोन कापून सत्तावीस हजारांच्या वर. एकदाणी घेऊन त्यांच्या हातात एकोणीसशेच्या पुढे परत येत होते. त्यांनी माझ्यापेक्षा चारशेच रुपये जास्त घातले होते. नाणी माझ्या योजनेला पावणेतीन हजारांनी मागे टाकून गेली होती.

"तुमचा अंदाज चुकला तं, मॅडम," दुकानदार हसले.

"अंदाज नव्हता. अट होती," मी म्हटलं. "पंधरा टक्के भाव वाढला तर नाणी, असं लिहिलं होतं. वाढला."

"हे पाह्य," जाऊबाई सासूबाईंना म्हणाल्या, "हरली तरी कागद तिचाच बरोबर."

त्यांचा आवाज मोठा होता. वर्षभरात इतक्या खुशीत मी त्यांना पाहिलं नव्हतं. नमुन्यातली एकदाणी पसंत झाली, मणी थोडे ठसठशीत, मध्ये लाल खडा नाही, साधी. मग त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि अकरा नाणी काचेवर ओतली.

दुकानदारांनी एक उचललं, भिंगाखाली धरलं, अंगठ्यानं पुसलं. कुंकू खाचांत बसलं होतं.

"पाकिटं कोठी आहेत याचे?"

"पाकिटाचं काय काम? सोनं तुमचंच आहे, शिक्का पाहा."

"शिक्का माहाच आहे काकू, शंभर टक्के. पण पाकीट बंद असतं तं मी हे असंच ठेवलं असतं, पुढच्या गिऱ्हाइकाले देलं असतं. आता कुंकू लागलं, घासल्या गेलं. हे गाळाच लागते. शेकडा दोन त्याचेच कापतो ना."

त्यांनी मागच्या खोलीतल्या कारागिराला हाक मारली आणि नाणी लोखंडी वाटीत टाकायला घेतली.

सासूबाई तोवर भिंतीशी स्टुलावर बसून शेवटचा घोट चहा घेत होत्या. त्यांनी बशी खाली ठेवली.

"काय करून राह्यले ते?"

"गाळते म्हणे, आई," जाऊबाई म्हणाल्या. "त्याचीच एकदाणी होईन."

"गाळते मंजे? भट्टीत?"

"आजी, सोनं असंच होते," दुकानदार म्हणाले.

सासूबाई उठल्या. वय झालं होतं, पण चाल ताठ. त्यांनी वाटी आपल्याकडे ओढली आणि एकेक नाणं उचलून पदरात घेऊ लागल्या.

"वर्षभर म्या इले हळदीकुंकू वाह्यलं. दर शुक्रवारी निवद दाखवला. अन् आता तुमी तिले भट्टीत टाकता?"

"आई, सोनंच तं हाय ते."

"सोनं हायच. पण त्याले तोंड हाय. बिनतोंडाचं असतं तं म्या एक शब्द बोलली नसती."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. त्यांनीही वर पाहिलं. दुकानदारांनी हात वर केले. असा प्रसंग त्यांना नवा नव्हता हे दिसत होतं. "आजीले वाईट वाटत असन तं मी हातच लावत नाई," ते म्हणाले. "घरी इचार करून सांगा."

घरी विचार करायला वेळ नव्हता. मणी ओवून, गाठवून द्यायला कारागिराला आठवडे लागणार होते, लग्नसराई सुरू झाली होती. दिरांचे कापसाचे पैसे मांडव, जेवण आणि डोरलं यांत वाटून गेले होते. आणि असते तरी जाऊबाईंनी ते घेतले नसते. त्या सासूबाईंशी भांडल्या नाहीत. रिकाम्या पिशवीची घडी घालत राहिल्या, परत उघडत राहिल्या.

"मीच म्हटलं होतं लक्ष्मीचं आणजो," त्या मला हळूच म्हणाल्या. "भाव एकच होता ना."

"एकच होता," मी म्हटलं.

"आता तिले काय सांगू? तुह्यी एकदाणी देवघरात आहे, रोज पाया पडत जाजो?"

मला हसू आलं, त्यांनाही थोडं आलं. आणि त्याच वेळी मला समोरचं चित्र स्वच्छ दिसलं. माझ्याकडे पैसे होते ज्यांचा फक्त दागिनाच होऊ शकत होता. त्यांच्याकडे सोनं होतं ज्याचा दागिनाच होऊ शकत नव्हता. दोन्ही एकाच दुकानातलं, एकाच वर्षाचं. भांडारात असं रोज व्हायचं. एका वॉर्डाकडे नको असलेली वस्तू पडून असते आणि दुसरा वॉर्ड तीच मागत असतो. तिथे मी नवीन खरेदी करायची नाही, अदलाबदल करायची.

मी सासूबाईंकडे गेले.

"आई, लक्ष्मी भट्टीत जाणार नाही. पण रोहण्याहून वर्ध्याला आली तर चालेल?"

"वर्ध्याले मंजे?"

"माझ्या देवघरात. ही नाणी मी घेते. माझ्या कार्डावर एकदाणी घेऊ."

पदरातली नाणी त्यांनी अजून सोडली नव्हती. "शुक्रवारी दिवा लावशीन?"

"लावीन."

"तुले ड्युटी रायते."

"ड्युटीच्या आधी लावीन."

"मंग ती काय परक्याच्या घरी चालली का," त्या म्हणाल्या. "लहान सुनेच्या घरी चालली." आणि पदरातली नाणी त्यांनी माझ्या हातात मोजून दिली, एकेकावर बोट ठेवून.

जाऊबाई मात्र एवढ्यावर ऐकणाऱ्या नव्हत्या. "अन् तुह्या बांगड्या?"

"बांगड्यांना मुहूर्त नाही."

"तसं नाई. तू दान करतं का मले? मंग ती एकदाणी माह्या दुधाची कोठी राह्यली?"

हाच खरा मुद्दा होता, म्हणून तो मी तोंडानं नाही, कागदानं सोडवला. काउंटरवर दुकानाची पावती उलटी केली आणि लिहिलं. नाणी सत्तावीस हजार सातशे वीस. माझं कार्ड चोवीस हजार. म्हणजे मीच त्यांना तीन हजार सातशे वीस द्यायचे. त्यातले बाराशे एकदाणीला कमी पडतात ते जातील, उरलेले दोन हजार पाचशे वीस त्यांच्या हातात.

"ते शेकडा दोन कापाचे राह्यले," जाऊबाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष होतं.

"ते गाळण्याचे. गाळलं कुठे?"

"दुकानानं कापले असते."

"दुकानाला विकलं असतं तर. मला विकलं."

"मंग तू घाट्यात जाते ना."

"नाही जात. आज हीच नाणी दुकानातून घ्यायला गेले तर घडणावळ आणि कर धरून नऊशेच्या वर जास्त द्यावे लागतील. मी वाचवते."

दुकानदार चष्म्याच्या वरून आमच्याकडे पाहत होते. "चाळीस वर्षं झाली दुकानात," ते म्हणाले, "जावा-जावांचं भांडण पाह्यलं, पण घेणारी जास्त देतो म्हणते अन् देणारी कमी मागते, हे आज पाह्यलं."

"तुमी बिल करा," जाऊबाई त्यांना म्हणाल्या, "अन् त्याच्यावर माहं नाव लिहा."

बिलावर त्यांचंच नाव लिहिलं. मी माझ्या पाकिटातून पैसे मोजले. त्यांनी त्यातले बाराशे गल्ल्यावर ठेवले आणि उरलेले पुन्हा मोजले. मला वाटलं, पातळ घेतील किंवा म्हशींना ढेप, म्हणजे सरकीची पेंड. त्या परत काचेपाशी गेल्या.

"दोन ग्रॅमचं नाणं दाखवा," त्या म्हणाल्या. "लक्ष्मी नाई. गणपती नाई. फूल नाई, पान नाई. साधं."

दोन ग्रॅमचे पैसे बरोबर तेवढेच होत होते. वर घडणावळ आणि कराचे पंच्याऐंशी त्यांनी स्वतःच्या बटव्यातून काढले. पाकीट हातात आल्यावर त्यांनी चिकटपट्टी नीट दाबून पाहिली.

एप्रिलच्या शेवटी लग्न झालं. मांडवात ऊन मी म्हणत होतं. पुतणीच्या गळ्यात डोरल्याच्या वर एकदाणी होती, मणी ठसठशीत. कन्यादानाच्या आधी जाऊबाईंनी ती स्वतःच्या हातानं घातली आणि गाठ नीट बसली का म्हणून दोनदा मागून पाहिलं. दिरांनी पाहुण्यांना सांगितलं, "हे आमच्या म्हशींकडून." पाहुणे हसले. जाऊबाई हसल्या नाहीत. त्यांना ते खरंच वाटत होतं, आणि ते खरंच होतं.

माझ्या हातात त्या लग्नात काचेच्याच बांगड्या होत्या, हिरव्या, नव्या. त्यानंतर दोन वर्षांत भाव इतका वर गेला की दोन तोळ्यांच्या बांगड्यांचं मी मनातून काढून टाकलं. उलट देवघरातल्या अकरा नाण्यांची किंमत बसल्या जागी वाढत गेली. मी ती मोडणार नाही, हे मला ठाऊक आहे. शुक्रवारी दिवा लावते, नोकरी होती तोवर ड्युटीच्या आधी लावायची. शब्द दिला होता.

लग्नानंतर महिन्याभरात रोहण्याला गेले तेव्हा सवयीनं देवघरात डोकावले. चांदीची ताटली रिकामी नव्हती. मधोमध एक नाणं होतं, साधं, बिनचित्राचं, पाकिटाबाहेर काढलेलं. त्यावर हळद, कुंकू आणि जास्वंदीचं फूल.

मी स्वयंपाकघरात जाऊबाईंकडे पाहिलं. त्या भाकरी थापत होत्या.

"मले काऊन पाहतं?" त्या म्हणाल्या. "मी लपवून ठेवलं होतं. गव्हाच्या कोठीत."

"मग?"

"गहू काढाले आईच गेल्या."

बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. "तोंड नसलं म्हणून काय झालं? सोनं कोठीत ठेवते का कोणी?"

तेव्हापासून माझ्या कागदावर तीन रकाने आहेत. दवाखान्यातल्या बायका विचारायच्या, तेव्हा मी आधी विचारायची, पैसे दरमहा नक्की येतात का? नक्की येत असतील आणि भाव फार वर जाणार नाही असं वाटत असेल तर योजना. मागेपुढे होत असतील, किंवा भाव चढता असेल तर नाणी. साधी घ्या आणि पाकीट फोडू नका. आणि मग तिसरा प्रश्न, ज्यावर बहुतेक जणी हसायच्या आणि एखादी एकदम गंभीर व्हायची.

घरात देवाचं कोण पाहतं?